लाभार्थी नेमके किती?

पाझर तलावातला गाळ काढण्यासाठी एका कंपनीकडे पाठवायचा प्रस्ताव परवा माझ्यासमोर आला. ‘लाभार्थी’ या रकान्यात लिहिलं होतं : 2,400. ही गावाची लोकसंख्या. गावात तलाव आहे म्हणजे सगळं गाव लाभार्थी, असा हिशेब. सीएसआरचे बहुतेक प्रस्ताव इथेच कच्चे राहतात.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करावे लागतात. पाणी आणि मातीचं संवर्धन त्यात बसतं. पण पैसे देणारा विचारणारच, की कोणाचं काय बदलणार?

ते गाळापासूनच मोजू. समजा, तलावातून 20,000 घनमीटर गाळ निघणार आहे. शेतात चार इंचांचा थर द्यायचा तर एकरी साधारण 400 घनमीटर लागतो. म्हणजे हा गाळ जेमतेम 50 एकरांना पुरेल. शेतकरी असतील चाळीसेक. तलावाखालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, ते दुसरे लाभार्थी. त्या विहिरी एकेक मोजून नावानिशी लिहायच्या. दोन्ही याद्यांत काही नावं सारखीच येतील, ती दोनदा धरायची नाहीत. आकडा 2,400 वरून शंभराच्या आत येतो, पण तो खरा असतो.

यादी करताना आणखी एक गोष्ट दिसते. एका एकराला ट्रॉलीच्या सव्वाशे-दीडशे खेपा लागतात. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो गाळ नेतो. दीड एकरवाली विधवा बाई बांधावर उभी राहून बघते. म्हणून अंदाजपत्रकात अशा वीस जणांच्या वाहतुकीला प्रत्येकी 8,000 रुपये, म्हणजे 1,60,000 धरायचे. पोकलेनच्या खोदाईला घनमीटरला 35 रुपये धरले तर 7,00,000. आधीच्या आणि नंतरच्या मोजणीला 60,000, दोन वर्षांच्या देखरेखीला 80,000. एकूण 10 लाख.

देखरेखीची रक्कम पाहून कंपनीचे लोक म्हणतात, प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ती आहे, पण कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात येत नाही. हे माहीत नसल्यामुळे संस्था देखरेखीचे पैसे आपणहून कापून टाकतात.

खोदाईचं बिल कशावर द्यायचं, हेही प्रस्तावातच लिहावं. मशीनच्या तासांवर दिलं तर तास वाढतात. खेपांवर दिलं तर खेपा वाढतात, शिवाय उकरलेला गाळ फुगतो, त्यामुळे ट्रॉल्यांचा आकडा तलावातल्या खऱ्या खड्ड्यापेक्षा नेहमी मोठा दिसतो. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तलावाचा तळ मोजायचा. फरक निघेल तेवढंच बिल. काळा गाळ संपून पिवळसर मुरूम दिसू लागला की मशीन थांबलं पाहिजे. मुरूम शेताला नको असतो, तो रस्त्याच्या कामावर विकला जातो.

आता अपेक्षित परिणाम. एक घनमीटर गाळ निघाला की हजार लिटरची जागा होते. इथे दोन कोटी लिटर. पण ती झाली फक्त जागा. परिणाम म्हणजे विहिरीला पूर्वी फेब्रुवारीपर्यंत टिकणारं पाणी एप्रिलपर्यंत टिकलं का, आणि हरभऱ्याचं किंवा चाऱ्याचं क्षेत्र वाढलं का. त्यासाठी दहा विहिरी निवडायच्या, काठावर रंगाची खूण करायची, आणि ऑक्टोबर ते मे दर महिन्याला त्याच खुणेपासून टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. पहिलं वर्षभर काम सुरू होण्याआधीचं मोजमाप मिळालं तर उत्तमच.

या दहांबरोबर तलावाच्या प्रभावाबाहेरच्या तीन-चार विहिरीही मोजायच्या. पाऊस चांगला झाला तर सगळ्याच विहिरी भरतात आणि श्रेय गाळ काढण्याला जातं. बाहेरच्या विहिरींचं पाणी आटलं आणि आतल्यांचं टिकलं, तरच तलावाने काही दिलं असं म्हणता येतं.

राहिला वेळेचा पेच. कंपनीचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि तलाव कोरडा पडतो एप्रिल-मेमध्ये. घाईने मार्चमध्ये मशीन उतरवलं की ते चिखलात रुततं. यावर कायद्यातच वाट आहे. प्रस्तावात हे काम बहुवर्षीय म्हणून मांडायचं. संचालक मंडळाने ते ‘सुरू असलेला प्रकल्प’ म्हणून मान्य केलं, तर न खर्चलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात ठेवता येते. मग खोदाई मे महिन्यात होते आणि विहिरींची वही पुढची दोन वर्षं चालू राहते.

परवाच्या प्रस्तावात आता लाभार्थ्यांची संख्या 71 आहे. सोबत नावांची यादी आणि चौदा विहिरींचा नकाशा जोडला आहे.