सेल्फीवरून चिलखत आणि केप

कॉस्प्ले, म्हणजे कल्पित पात्राचा पोशाख अंगावर चढवून त्या पात्रासारखे वावरणे. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' हे दोन शब्द जोडून तयार झालेला हा शब्द 1980 च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. चित्रपटातले किंवा मांगातले पात्र जसेच्या तसे उभे करायचे असेल, तर पोशाखाचा नमुना आधीच ठरलेला असतो आणि फक्त तो अंगावर बसवायचा असतो. नवे पात्र घडवायचे असते तेव्हा मात्र सुरुवात घालणाऱ्याच्या चेहऱ्यापासून करावी लागते. हाताशी बहुधा एक सेल्फी असते. तिच्यावरून आराखडा आखताना तिच्यातल्या कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, हे आधी ठरवावे लागते.

चेहऱ्याच्या प्रमाणांवर तर मुळीच ठेवू नये. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर धरला, तर सुमारे 12 सेंटिमीटर मागे असलेले कान फोनपासून 42 सेंटिमीटरवर पडतात. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून या फोटोत कानांच्या तुलनेत नाक जवळजवळ 1.4 पट मोठे उमटते. तोच फोटो दीड मीटरवरून काढला, तर हा फरक 1.1 पटीच्याही आत येतो. हात वर करून काढलेल्या सेल्फीत याच कारणाने कपाळ रुंद, मान आखूड आणि खांदे उतरते दिसतात. अशा फोटोवर चिलखत रेखाटले, तर चित्रात ते झोकात बसते. अंगावर मात्र खांद्यांचे पत्रे लहान आणि शिरस्त्राण अवजड वाटते. म्हणून सेल्फीच्या जोडीला दीड-दोन मीटरवरून, छातीच्या उंचीवरून दुसऱ्या कोणी काढलेला एक पूर्ण उभा फोटो मागवावा, आणि उंची, खांद्यांची रुंदी, छातीचा घेर, हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर अशी चार मापे टेपने घ्यावीत.

दुसरी फसगत डाव्या-उजव्याची. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोन आरशातल्यासारखा उलटाच जतन करतात. टी-शर्टवरची अक्षरे उलटी दिसली की हे लगेच कळते. अक्षरे नसतील, तर घालणाऱ्याला भांग कोणत्या बाजूला पाडतो हे सरळ विचारावे. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही, कारण दोन्ही बाजूंनी सारखे नसलेले चिलखत भांगाच्या आणि केसांच्या बाजूवरच बेतलेले असते.

मग सेल्फीचा उपयोग काय? केसांचा पोत, चष्मा, भुवया, जबड्याची रेषा आणि त्वचेचा उजळ-गडदपणा या गोष्टी तिच्यात चांगल्या सापडतात. पोशाखाची रंगसंगती तिथूनच उगवते. अट एवढीच की फोटो सावलीतल्या दिवसाउजेडी, चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवून काढलेला असावा, आणि गालाजवळ एक पांढरा कागद धरलेला असावा. फोटोत तो कागद पिवळट दिसला, तर त्वचाही तितकीच पिवळी दिसते आहे हे समजते आणि रंग सुधारून घेता येतो. त्यानंतर फोटोची एक प्रत कृष्णधवल करून ठेवावी. पुढे ती फार कामाला येते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सेल्फी एका तरुणीची आहे. उंची 160 सेंटिमीटर, खांदे 38, डोके 22. लांबट चेहरा, खांद्यापर्यंत येणारे दाट कुरळे केस, मध्यम सावळा वर्ण आणि जाड काड्यांचा गोल चष्मा. भांग डावीकडे, त्यामुळे केसांचा भार उजवीकडे. असा चष्मा पाहिला की नवखा डिझायनर तो काढायला सांगतो. पण चेहऱ्यावरची सर्वांत ठळक वस्तू तीच आहे, आणि चष्म्याशिवाय दिवसभर गर्दीत वावरणे काही सुखाचे नाही. तेव्हा पात्रच चष्म्यातून काढलेले बरे. गोल काच म्हणजे भिंग, आणि भिंगावरून दीपगृह. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑग्युस्तँ फ्रेनेल याने दीपगृहासाठी काचेच्या एकात एक बसणाऱ्या पायरीदार कड्यांचे भिंग तयार केले. ते 1823 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँ दीपगृहात बसवले गेले. त्या कड्यांचा आकार चिलखतावर आणला की चष्मा परका न राहता पोशाखाचाच भाग होतो. पात्र ठरले: दीपगृहाची रक्षक.

चिलखताचे तुकडे मोजकेच ठेवायचे. उरावरचे पत्र, गळपट्टा, दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंतचे बाजूबंद आणि डाव्या खांद्यावर एकच मोठे, कड्यांचे खांदेकवच. उजवीकडे केस पडतात. तिथे उभट कवच बसवले, तर केस त्यात सतत अडकतील आणि रंगही घासून निघेल. सेल्फी उलटी आहे हे ओळखले नसते, तर कवच नेमके त्याच बाजूला गेले असते. खांदेकवचाचा व्यास डोक्याच्या उंचीपेक्षा थोडा कमी, म्हणजे 18 सेंटिमीटर, आणि ते खांद्याबाहेर पाचेक सेंटिमीटरच जाते. यापेक्षा मोठे केले, तर लांबट चेहरा अधिकच अरुंद दिसू लागतो.

साहित्य ईव्हीए फोमचे. व्यायामशाळेत किंवा लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून अंथरतात त्या चटयांचा हा फोम. पायाला 6 मिलिमीटरचा आणि कड्यांना 2 मिलिमीटरचा घ्यावा. हीट गनने तापवला की तो मऊ होतो, गुडघ्यावर किंवा डब्यावर दाबून धरला की थंड होताना तोच बाक धरून ठेवतो. उष्णतेने पृष्ठभागाची बारीक छिद्रेही मिटतात. फोमवर हलकी तकाकी आली की छिद्रे मिटली असे समजावे, आणि बुडबुडे आले तर तो तुकडा बाद. जोडणीचा रबरी डिंक दोन्ही कडांना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा लागतो, मग कडा एकमेकींवर दाबायच्या. त्या एकदा टेकल्या की हलवता येत नाहीत. डिंकाची वाफ डोक्यात जाते, त्यामुळे हे काम उघड्या गच्चीवरच करावे. रंगाआधी लवचीक रबरी लेप देणे चुकवू नये, नाहीतर पहिल्याच बैठकीत बाजूबंदावर तडे उमटतात.

रंग ठरवताना घोटाळा झाला तो इथे. दीपगृह म्हणजे पितळ, हे सरळच सुचते. पण तरुणीच्या कृष्णधवल फोटोशेजारी पितळी रंगाचा नमुना ठेवला, तर त्वचा आणि पितळ यांचा करडेपणा जवळजवळ सारखाच निघतो. म्हणजे लांबून गळा कुठे संपतो आणि चिलखत कुठे सुरू होते हेच कळणार नाही. रंग वेगळे असूनही आकार एकमेकांत मिसळतात, ही चूक रंगीत फोटोत सहसा लक्षात येत नाही. उपाय दोन. पितळ चकचकीत न ठेवता काळसर तपकिरी अस्तरावर कोरड्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर लावायचे, म्हणजे ते बरेच दिवस न घासलेल्या समईसारखे गडद दिसते. आणि त्वचा व पितळ यांच्यामध्ये गळपट्टा जवळजवळ काळा ठेवायचा. तो काळा केस आणि चष्म्याच्या काड्यांशीही जुळतो, त्यामुळे चेहऱ्याला चौकट मिळते. उरलेल्या पोशाखाचा मोठा भाग गडद समुद्री हिरवा-निळा, त्याहून कमी पितळ, आणि दिव्याच्या ज्योतीसारखा नारिंगी अगदी थोडा. नारिंगी जास्त झाला की तो पितळेला फिका पाडतो.

केपचे कापड निवडताना रंगापेक्षा आधी चमक आणि ढाळ पाहावा. साटीन स्वस्त आणि झुळझुळीत, पण फ्लॅशखाली त्याची प्रत्येक चुणी पांढरी चमकते आणि चिलखत मागे पडते. मखमल प्रकाश पिते, म्हणून छान गडद दिसते. तिची अडचण लवेची आहे. अर्धगोल केप एकाच तुकड्यात कापली, तर समोरच्या एका काठावर लव वर जाते आणि दुसऱ्यावर खाली, आणि एकाच केपचे दोन काठ दोन छटांचे दिसतात. मधोमध शिवण घेऊन दोन तुकडे एकाच दिशेने कापले, तरच हे टळते. या पात्रासाठी लोकरीच्या धाटणीचे, चमक नसलेले सूटिंग योग्य: चौरस मीटरला सुमारे 300 ग्रॅम वजनाचे. निस्तेज कापडाशेजारी मळकट पितळही उजळ भासते.

मापे अशी. केप गळ्यावर नव्हे, तर गळपट्ट्याभोवती बसणार, म्हणून माप त्याचे घ्यायचे: 44 सेंटिमीटर. अर्धगोलाची आतली त्रिज्या म्हणजे 44 भागिले 3.14, अर्थात 14 सेंटिमीटर. लांबी 110 धरली, तर बाहेरची त्रिज्या 124 होते. 58 इंची, म्हणजे 147 सेंटिमीटर पन्ह्यात ती बिनजोड मावते आणि शिवणीचा वाव धरून 2.6 मीटर कापड पुरते. 44 इंची पन्हा घेतला, तर जोड द्यावा लागतो. शिवल्यावर हिचे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास भरेल. सबंध अस्तर दिले, तर किलोच्या घरात जाते आणि मुंबईच्या दमट हवेत घामाने नको होते. चालताना आतला भाग दिसतो तो फक्त समोरच्या काठांचा, म्हणून तिथेच 25 सेंटिमीटर रुंदीची नारिंगी पट्टी आतून लावावी. पोशाखातला सगळा नारिंगी रंग बहुतेक इथेच खर्च होतो. खालचा काठ मात्र लगेच दुमडू नये. अर्धगोलात काही भाग तिरप्या धाग्यावर येतो, आणि तो स्वतःच्या वजनाने लोंबून लांब होतो. केप दिवसभर टांगून ठेवावी, मग काठ जमिनीपासून सारखा मोजून कापावा.

केप उरावरच्या पत्राला अडकवली की ती मागे ओढते आणि पत्र वर सरकते. दहा मिनिटे चालून गळपट्टा हनुवटीला लागू लागला, तर हेच घडले आहे असे समजावे. म्हणून चिलखताखाली दप्तराच्या पट्ट्यांसारखे, पाठीवर फुली करणारे दोन पट्टे घालून केपची टिचबटणे त्यांना लावायची. खांदेकवचही पट्ट्यालाच टांगलेले हवे, उरावरच्या पत्राला चिकटवलेले नको. नाहीतर हात वर करताच सगळे चिलखत हलते.

आराखड्याच्या कागदावर समोरचे, मागचे आणि डाव्या बाजूचे अशी तीन चित्रे असतात, शेजारी रंगाचे नमुने आणि कापडाचा एक तुकडा टाचलेला. मागच्या चित्रात या पात्राची एक उणीव उघडी पडते: काळे केस गडद केपवर दिसेनासे होतात. तिथे केपच्या गळ्याच्या काठावर बोटभर रुंदीची पितळी पट्टी वाढवली, आणि ती दिसते का हे पाहण्यासाठी कागद भिंतीला लावून तीन मीटरवरून त्याचा कृष्णधवल फोटो काढला, की मापे शिंप्याकडे द्यायला हरकत नाही.