ई-मेल पाठवण्यापूर्वी : रक्कम, तारीख आणि जोडपत्र

समजा, फोंडाघाटच्या पेढीने कोल्हापूरला काजूगराचे बिल ई-मेलने धाडावयाचे आहे. दहा किलोचे ४५ डबे, दर किलोस ८२० रुपये; करापूर्वीची रक्कम ३,६९,००० रुपये. मजकुरात मात्र ३,९६,००० टंकले गेले.

प्रथम नग, वजन व दर यांचा गुणाकार पुन्हा करावा. येथे फरक २७,००० चा येतो आणि त्यास नऊने पूर्ण भाग जातो. असा फरक बहुधा शेजारचे दोन अंक उलटल्याची खूण असते. दरच चुकला असेल, तर तो मूळ सौद्याशीच ताडावा लागतो.

रक्कम अक्षरीही लिहावी. धनादेशात अंक व अक्षर जुळले नाहीत, तर १८८१ च्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. तो नियम ई-मेलसाठी नाही; पण विसंगती पाठवणाऱ्यासच आधी दिसते.

देय तारीख ०४/०५ अशी न लिहिता ‘४ मे’ अशी लिहावी. अमेरिकेतील ग्राहक पहिलीस ५ एप्रिल वाचेल.

जोडलेले बिल संगणकाच्या फोल्डरमधून नव्हे, ई-मेलमधूनच उघडावे. त्यातील क्रमांक, तारीख व रक्कम मजकुराशी जुळली, की मगच ग्राहकाचा पत्ता भरावा. म्हणजे अर्धवट पत्र चुकूनही जाणार नाही.