इगतपुरीचा पहिला मुक्काम

मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला थांबते. तिथून जवळच डोंगराच्या पायथ्याशी धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून शिबिरे घेत आहे. ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि सयाजी ऊ बा खिन या आपल्या गुरूंकडून शिकलेली पद्धत त्यांनी इथे रुजवली. गोयंकांचे २०१३ मध्ये निधन झाले, तरी आजही शिबिरात सूचना आणि संध्याकाळची प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात. समोर प्रत्यक्ष बसलेले असतात ते सहायक आचार्य. शंका विचारायच्या त्या त्यांना.

पहिल्या शिबिराचा धसका बहुतेकांना मौनाचा असतो. प्रत्यक्षात मौन फारसे जड जात नाही. आल्या दिवशी संध्याकाळी फोन, पुस्तके आणि वह्या जमा होतात आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन पाळायचे असते. बोलायचे तर नाहीच, पण खाणाखुणा आणि नजरानजरही टाळायची. सोबतीने आलेल्या मैत्रिणीसमोर ताट घेऊन बसायचे आणि तिच्याकडे पाहायचे नाही, हे पहिल्या जेवणाला चमत्कारिक वाटते. पुढे त्यातच मोकळीक वाटू लागते, कारण कोणाशी काही बोलावे लागत नाही आणि हसून दाखवावेही लागत नाही.

जड जाते ते रिकामेपण. पहाटे चारला घंटा होते. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत सगळे मिळून दहा तासांच्या आसपास ध्यान असते. मधे न्याहारी, अकराला जेवण, आणि संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, दूध, फळे किंवा थोडा फराळ. रात्रीचे जेवण नसते. या दहा तासांत पहिले तीन दिवस एकच काम असते, ते म्हणजे आनापान. श्वास येतो कसा, जातो कसा, एवढेच पाहायचे. तो लांबवायचा नाही, मोजायचा नाही, कोणताही मंत्र जपायचा नाही. हळूहळू लक्ष आणखी लहान जागेवर, नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठाच्या वर, आणून ठेवायचे.

इथेच कंटाळा गाठतो. माणसाला आपल्याच विचारांसोबत बसणे किती नकोसे वाटते, हे टिमोथी विल्सन यांच्या चमूने २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले होते. रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे एकटे बसायचे आणि वाटल्यास बटण दाबून विजेचा सौम्य झटका घ्यायचा, एवढीच मुभा होती. हा झटका टाळायला पैसेही देऊ, असे आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो स्वतःहून घेतला. शिबिरात असे बटण नसते. मग मन इतर कामे शोधते: पंखे मोजणे, न्याहारीला काय असेल याचा अंदाज, पुढच्या आसनावरच्या माणसाच्या शालीवरचे डाग, दहा वर्षांपूर्वीच्या भांडणात द्यायचे राहून गेलेले उत्तर. खोलीवर जाऊन आधीच घडी केलेले कपडे पुन्हा घडी करणे हाही नव्या साधकांचा ठरलेला उद्योग. दुसरा आणि सहावा दिवस सर्वांत अवघड, असे जुने साधक सांगतात. बॅग भरून ठेवणारे याच दोन दिवशी भरतात.

बौद्ध परंपरेने या अवस्था फार पूर्वीच ओळखून ठेवल्या आहेत. ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांमध्ये सुस्ती आहे, चंचलता आहे, आणि ‘हे सगळे खरे आहे का?’ ही शंकाही आहे. त्यामुळे तिसऱ्या दिवशी डुलक्या येत असतील किंवा चीड येत असेल, तर ध्यान बिघडले असे मानायचे कारण नाही. ध्यानात पाहायचा ऐवज तोच आहे.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवली जाते. टाळूपासून सुरुवात करून एकेका अवयवावरून लक्ष पायाच्या बोटांपर्यंत न्यायचे आणि तिथे जे जाणवेल ते पाहायचे. ऊब, गारवा, खाज, घाम, नाडीचे ठोके, कापडाचा स्पर्श, जडपणा यांपैकी काहीही चालेल. एखाद्या ठिकाणी काहीच जाणवले नाही तर साधारण मिनिटभर थांबून पुढे सरकायचे. ब्रह्मदेशातल्याच महासी सयाडो यांच्या पद्धतीत साधक मनातल्या मनात ‘दुखते’, ‘खाजते’, ‘विचार’ अशी नोंद करतो. गोयंकांच्या पद्धतीत अशी नावे देत नाहीत. संवेदना जाणायची, ती टिकत नाही हे पाहायचे आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. दोन्ही पद्धती मोलाच्या आहेत, पण पहिल्या शिबिरात त्यांची सरमिसळ केली तर नीट काहीच होत नाही.

यानंतर दिवसातून तीनदा अधिष्ठान असते: तासभर हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसण्याचा संकल्प. समजा, बँकेत नोकरी करणारी, चाळिशीतली, जमिनीवर बसण्याची सवय सुटलेली एक साधिका आहे. पहिली वीस मिनिटे बरी जातात. मग उजवा गुडघा दुखू लागतो आणि सगळे लक्ष तिकडे ओढले जाते. ‘आता पाय निकामी होणार’ हा विचार येतो, जबडा आवळतो, श्वास अडखळतो, खांदे वर चढतात. सूचना आठवून ती गुडघ्याकडे जरा नीट पाहते. दुखणे सलग नाही, ते टोचते, जळते, थोडे ओसरते, पुन्हा भरून येते, असे तिच्या लक्षात येते. आवळलेला जबडा हे तिने स्वतः वर चढवलेले ओझे होते. तो सैल केला की गुडघा दुखायचा थांबत नाही, पण तगमग निम्म्यावर येते. अस्वस्थता पाहण्याजोगी वस्तू होते ती अशी, आणि माझ्या मते पहिल्या शिबिराचे खरे शिक्षण एवढेच आहे.

याला मर्यादा आहे. सांध्याच्या आत कळ येत असेल, किंवा उठल्यावर काही मिनिटांनीही बधिरपणा जात नसेल, तर ते सोसणे ही चूक आहे. आचार्यांना सांगितले की खुर्ची मिळते. दुसरी चूक उलट्या बाजूची. सातव्या-आठव्या दिवशी काहींना अंगभर हलकी झिणझिण जाणवते आणि पुढच्या बैठकीत ते तीच शोधत बसतात. ती आली नाही म्हणून हिरमुसणे, ही या चुकीची खूण. सुखाची संवेदनाही गुडघ्याच्या दुखण्याइतक्याच तटस्थपणे पाहायची असते.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री शिकवली जाते आणि मौन सुटते. नऊ दिवस दाबून ठेवलेले बोलणे एकदम उसळते. रात्री अनेकांना झोप येत नाही. अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते, आणि त्याच दुपारी कामावर हजर होण्याचा बेत करू नये.

शिबिराला फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावरच इच्छेनुसार दान घेतले जाते. अर्जात मात्र आजार, औषधे आणि मानसिक उपचार यांची चौकशी असते आणि ती औपचारिक नाही. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना केंद्रे शिबिराला येऊ नका असे सांगतात, कारण इतका वेळ गप्प बसून मनाशी राहिल्याने काहींचा त्रास वाढतो. जाणाऱ्याने तो रकाना खरा भरावा, चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, आणि शिबिरात झोप पूर्ण उडाली किंवा भीती आवरेनाशी झाली तर त्याच दिवशी आचार्यांना गाठावे.