प्रकल्प संपला, प्रश्न कोणता?

टोमॅटोच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्रॅम शेवटच्या वर्षाचे अनेक गट करतात. ‘प्लांटव्हिलेज’ या खुल्या संग्रहातले फोटो वापरले की अचूकता सहज नव्वदीच्या पुढे जाते. पण ‘आम्ही असा प्रोग्रॅम बनवला’ हा परिषदेतल्या निबंधाचा विषय होत नाही. 2016 मध्येच संशोधकांनी याच संग्रहावर 99 टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली होती. त्याच अभ्यासात, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती सुमारे 31 टक्क्यांवर घसरली. माझ्या मते विषय इथेच आहे.

संग्रहातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. शेतात मात्र माती, सावली, शेजारची पानं असतात. म्हणून विषय असा अरुंद करावा: पार्श्वभूमी कापून टाकली तर शेतातल्या फोटोंवरची घसरण किती कमी होते?

तयार प्रोग्रॅम तोच ठेवावा. मोबाइलवर शे-दोनशे फोटो काढून रोगाची खात्री कृषी महाविद्यालयातल्या जाणकाराकडून करून घ्यावी, आणि पार्श्वभूमीसह व पार्श्वभूमीशिवाय अशी दोनदा चाचणी घ्यावी. एकाच झाडाचे फोटो शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे गेले, तर आकडा फसवा चांगला येतो. फरक पडला नाही, तरी तो निष्कर्ष मांडण्याजोगाच असतो.