कोणता कॅम्प? शिष्यवृत्तीच्या निबंधातली आर्टिकल्स आणि प्रिपोझिशन्स

'वी हॅड फ्यू मेडिसिन्स, सो वी कुड ट्रीट द चिल्ड्रन.' पुरातल्या मदतकार्याबद्दल लिहिताना मराठी विद्यार्थी असं वाक्य सहज लिहून जातो. त्याला म्हणायचं असतं, थोडीफार औषधं होती, म्हणून मुलांवर उपचार करता आले. निवड समितीतला वाचक मात्र वाचतो, औषधं जवळजवळ नव्हतीच, म्हणून मुलांवर उपचार करता आले. 'फ्यू'च्या आधीचा 'अ' राहून गेला आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही असंच आहे. 'वी मेड लिटल प्रोग्रेस' लिहिणाऱ्याने आपलं काम फारसं पुढे सरकलं नाही अशी कबुलीच देऊन टाकलेली असते.

आर्टिकल आणि प्रिपोझिशन यांच्या चुका किरकोळ समजल्या जातात. पुष्कळ ठिकाणी त्या असतातही, 'माय फादर इज फार्मर' वाचून कोणाचा गैरसमज होत नाही. पण शिष्यवृत्तीचा निबंध म्हणजे अर्जदाराने स्वतःविषयी केलेली विधानं असतात आणि त्यातली काही विधानं 'अ' आणि 'द'वरच उभी असतात. 'आय वॉज द लीडर' म्हणजे नेता एकच होता आणि तो मी. 'आय वॉज अ लीडर' म्हणजे अनेकांपैकी मी एक. व्याकरणाला दोन्ही वाक्यं चालतात. त्यातलं खरं कोणतं, हे तपासणाऱ्याला कागद वाचून कळत नाही. ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं.

आपल्याला हे अवघड का जातं? मराठीत नामाआधी असा शब्द लावावा लागत नाही. 'गावात डॉक्टर आले' या वाक्यात कोणीतरी डॉक्टर आले की आपले नेहमीचे डॉक्टर आले, हे आपण संदर्भावर सोडून देतो. पण हा भेद आपल्या भाषेला अगदीच परका आहे असं नाही. 'मी बैल शोधतोय' म्हणणारा बाजारात कुठलाही चांगला बैल बघत असतो. 'मी बैलाला शोधतोय' म्हणणाऱ्याचा स्वतःचा बैल दावं तोडून गेलेला असतो. तो '-ला' जे काम करतो, त्याच्या जवळपासचंच काम इंग्रजीत 'द' करतो. विद्यार्थ्यांना नियमांची यादी देण्याआधी मी हे उदाहरण देतो, कारण जाण त्यांच्यापाशी आधीच असते. इंग्रजी ती जाण प्रत्येक नामापाशी शब्दात दाखवायला लावते, एवढाच फरक.

आता एक परिच्छेद तपासू. अनेक निबंधांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एकत्र करून तो मी रचला आहे. लिहिणारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली आहे असं धरू. 2019च्या ऑगस्टमध्ये तिथे महापूर आला होता.

'आय वॉज बॉर्न इन स्मॉल व्हिलेज ऑन बँक ऑफ कृष्णा. माय फादर इज फार्मर. इन फ्लड ऑफ 2019 आय वर्क्ड अ‍ॅज द व्हॉलंटियर इन द रिलीफ कॅम्प. आफ्टर दॅट आय डिस्कस्ड अबाउट द ड्रेनेज विथ ग्रामपंचायत. आय अ‍ॅम वर्किंग इन एनजीओ सिन्स थ्री इयर्स. आय वॉन्ट टु स्टडी द वॉटर मॅनेजमेंट इन नेदरलँड्स.'

सगळ्या चुका एका दमात धरायला गेलं की निम्म्या सुटतात. म्हणून पहिल्या फेरीत फक्त नामांखाली रेघ मारायची आणि प्रत्येक नामापाशी दोन प्रश्न विचारायचे. ही वस्तू एक, दोन अशी मोजता येते का? आणि नेमकी कोणती, हे वाचकाला या क्षणी ठाऊक आहे का?

'व्हिलेज' मोजता येतं, एकच आहे आणि वाचकाने त्याचं नावही ऐकलेलं नाही. म्हणून 'इन अ स्मॉल व्हिलेज'. 'फार्मर'लाही 'अ' हवा, कारण व्यवसाय सांगताना तो माणूस त्या व्यवसायातल्या अनेकांपैकी एक असतो. नदीच्या नावाला इंग्रजीत 'द' लागतो, म्हणून 'द कृष्णा', आणि नदी ठरली की तिचा काठही ठरतो, म्हणून 'ऑन द बँक ऑफ द कृष्णा'. पूर 2019चा, म्हणजे ठरलेला, तिथे 'द फ्लड ऑफ 2019'. देशांच्या नावांना सहसा काही लागत नाही, पण नेदरलँड्स हे नाव अनेकवचनी आहे, त्यामुळे त्याला 'द' लागतो. यूके आणि यूएसए यांनाही लागतो. विद्यापीठांच्या बाबतीत नावाची रचना बघायची. 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' म्हणतात, पण 'मुंबई युनिव्हर्सिटी'च्या आधी 'द' लावत नाहीत.

'वॉटर मॅनेजमेंट' मोजता येत नाही आणि इथे तो विषय सर्वसाधारण अर्थाने आला आहे, म्हणून 'द' काढून टाकायचा. 'द सोसायटी', 'द नेचर', 'द एज्युकेशन' ही याच चुकीची भावंडं. शाळेत 'द' राहिला म्हणून गुण कापले गेले, की मुलं पुढे तो जिथे तिथे पेरायला लागतात. माझ्या अनुभवात चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या निबंधात राहिलेल्या 'द'पेक्षा जास्तीचे 'द' अधिक सापडतात.

'एनजीओ' या शब्दापाशी देवनागरी आपल्या मदतीला येते. 'अ' की 'अ‍ॅन', हे इंग्रजी स्पेलिंगवरून ठरत नाही, उच्चारावरून ठरतं, आणि आपल्या लिपीत उच्चार डोळ्यांसमोरच असतो. 'एनजीओ', 'एमएस्सी', 'अवर' हे शब्द स्वराने सुरू होतात, त्यांना 'अ‍ॅन'. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन', 'वन-इयर कोर्स' व्यंजनाने सुरू होतात, त्यांना 'अ'. शंका आली की शब्द समासात देवनागरीत लिहून बघावा.

राहिले 'व्हॉलंटियर' आणि 'कॅम्प', आणि इथे तपासणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी. 'द व्हॉलंटियर' म्हणजे त्या छावणीत स्वयंसेवक एकच होता असं होतं. तसं असण्याची शक्यता कमी, पण विचारायला हवं. 'द रिलीफ कॅम्प' वाचताच वाचक मागे वळून बघतो, कोणता कॅम्प? आधी तर उल्लेख नाही. गावाच्या शाळेत एकच छावणी होती असं तिने सांगितलं, तर 'अ‍ॅट द रिलीफ कॅम्प इन अवर व्हिलेज स्कूल' लिहावं. तालुक्यातल्या अनेक छावण्यांपैकी ती एक असेल, तर 'अ‍ॅट अ रिलीफ कॅम्प'. 'द ड्रेनेज'चंही तसंच. गावातल्या गटारांबद्दल बोलायचं असेल तर 'द ड्रेनेज इन अवर व्हिलेज' लिहिल्यावर 'द'ला आधार मिळतो. अशा प्रश्नांतून निबंधात जो तपशील येतो, तो आधी तिच्या डोक्यात होता पण कागदावर नव्हता. ग्रामपंचायतीला मात्र विचारायची गरज नाही. आपल्या गावाची ग्रामपंचायत एकच असते, म्हणून 'द ग्रामपंचायत'.

दुसरी फेरी प्रिपोझिशन्सची. इथे वेगळ्या रंगाचं पेन घेऊन प्रत्येक प्रिपोझिशन कोणत्या शब्दामुळे आलं, तिकडे बाण काढायचा. 'डिस्कस्ड अबाउट' कुठून येतं? आपण 'गटारांविषयी चर्चा केली' म्हणतो, आणि इंग्रजीत 'डिस्कशन अबाउट' चालतंही. पण 'डिस्कस' या क्रियापदाला थेट कर्म लागतं, 'डिस्कस्ड द ड्रेनेज'. या प्रकारच्या बऱ्याच चुकांची गुरुकिल्ली हीच आहे. नामाला प्रिपोझिशन लागतं आणि त्याच्या जोडीच्या क्रियापदाला लागत नाही. 'अ रिक्वेस्ट टु द कलेक्टर' बरोबर, पण 'आय रिक्वेस्टेड द कलेक्टर'. 'एम्फसिस ऑन' बरोबर, पण 'एम्फसाइझ'नंतर 'ऑन' नको.

'सिन्स थ्री इयर्स'च्या मागे आपला '-पासून' आहे. '2021पासून' आणि 'तीन वर्षांपासून' हे दोन्ही आपण एकाच प्रत्ययाने सांगतो. इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' वापरते. शिवाय इथे नुसता शब्द बदलून भागत नाही, क्रियापदाचा काळही बदलावा लागतो. 'आय हॅव बीन वर्किंग विथ अ‍ॅन एनजीओ फॉर थ्री इयर्स.' नोकरी असेल तर 'विथ'च्या जागी 'फॉर' अधिक नेमकं. पुन्हा तिलाच विचारायचं.

कोणत्या क्रियापदाला काय लागतं, हे तर्काने ठरवू नये, शब्दकोशात बघावं. त्यासाठी इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही, शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी कोश लागतो. ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स हा त्यातला सर्वांत परिचित. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. जपानी भाषेतही आर्टिकल्स नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला मूळ कोश 1942मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. म्हणून या कोशात नामापुढे ते मोजता येतं की नाही याची खूण असते आणि क्रियापदाच्या वापराचे साचे दिलेले असतात. 'रिसर्च' उघडून बघा. ते मोजता येत नाही, म्हणजे 'अ रिसर्च' गेलं, 'अ रिसर्च प्रोजेक्ट' राहिलं. 'इक्विपमेंट' आणि 'अ‍ॅडव्हाइस' यांचंही तेच.

सापडणारी प्रत्येक विसंगती चूक नसते. 'इन हॉस्पिटल' ब्रिटिश, 'इन द हॉस्पिटल' अमेरिकन. 'अ‍ॅट द वीकेंड' ब्रिटिश, 'ऑन द वीकेंड' अमेरिकन. अर्ज लंडनला जाणार असो की बॉस्टनला, निबंधभर एकच पद्धत ठेवली की झालं. आणि तपासणाऱ्याने वाक्यं आपल्या वळणावर नेऊ नयेत. मुलाखतीला ती मुलगी एकटी बसणार आहे, आणि कागदावरची भाषा तिच्या तोंडी न शोभणारी असेल तर ते लगेच जाणवतं. मी समासात खूण आणि प्रश्न एवढंच लिहितो, दुरुस्ती तिने करायची.

हे सगळं शब्दमर्यादेत बसवण्यासाठी कापाकापी सुरू होण्याच्या आधी करावं. वरच्या छोट्या परिच्छेदात दुरुस्तीनंतर सात-आठ शब्द वाढतात, आणि ऑनलाइन फॉर्म मर्यादेपुढचा मजकूर बहुधा घेत नाही. शेवटच्या रात्री मर्यादा ओलांडली की पहिला बळी 'अ' आणि 'द'चाच जातो, कारण ते काढले तरी वाक्य वाचता येतं. त्याऐवजी 'डिस्कस'नंतरचा 'अबाउट', 'रीच'नंतरचा 'टु', 'रिटर्न'नंतरचा 'बॅक' काढावा. तेही पुरलं नाही, तर एखादं अख्खं विशेषण जाऊ द्यावं.