रोजच्या वाडग्याचा हिशेब

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तयार खाद्याची पिशवी किती दिवस पुरणार, हे दोन गोष्टींवर ठरते. त्या प्राण्याला दिवसाकाठी किती ऊर्जा लागते ही पहिली, आणि त्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्ये किती ऊर्जा आहे ही दुसरी. एमआरपी या दोन्हींबद्दल काही सांगत नाही. आता बहुतेक पाकिटांवर एमआरपीशेजारी एका किलोचा किंवा एका ग्रॅमचा भावही बारीक अक्षरात छापलेला असतो. त्याने निम्मे काम होते, पण प्राणी किलोच्या हिशेबाने खात नाही. त्याचे पोट कॅलरीच्या हिशेबाने भागते. म्हणून दोन खाद्यांची तुलना करायची तर दोन्हींचा दिवसाचा खर्च काढावा लागतो.

आधी प्राण्याची गरज. शरीर मोठे होत जाते तशी ऊर्जेची गरज वाढते, पण वजनाच्या प्रमाणात नाही, त्याहून थोडी हळू. स्विस शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये हा संबंध मांडला आणि पशुवैद्य आजही त्याच सूत्राचा आधार घेतात. साध्या कॅल्क्युलेटरवरही ते बसवता येते: प्राण्याचे किलोतले वजन तीनदा घेऊन गुणाकार करायचा, वर्गमुळाचे बटण दोनदा दाबायचे आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणायचे. २० किलोच्या कुत्र्यासाठी २० × २० × २० म्हणजे ८,०००; पहिले वर्गमूळ ८९.४४, दुसरे ९.४६, त्याला ७० ने गुणले की सुमारे ६६२ किलोकॅलरी. नुसते पडून राहायला एवढी ऊर्जा लागते. नसबंदी झालेल्या, घरात राहून रोज फेरफटका मारणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा १.६ ने गुणतात, म्हणजे दिवसाला साधारण १,०६० किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या मांजरासाठी १.२ ने गुणणे पुरते. वाढत्या पिलांना, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला याहून बरेच जास्त लागते. त्यांचा हिशेब वेगळा.

आता पिशवीकडे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खाद्यावर एका किलोत किती किलोकॅलरी आहेत हे छापलेले असते, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पुढची आकडेमोड करावीच लागत नाही. भारतात मिळणाऱ्या अनेक पिशव्यांवर मात्र हा आकडा सापडत नाही. पिशवी उलटी केली की मागच्या बाजूला चार ओळींचा एक तक्ता दिसतो: प्रथिने कमीत कमी इतके टक्के, स्निग्धांश कमीत कमी इतका, तंतू जास्तीत जास्त इतके, ओलावा जास्तीत जास्त इतका. या चार आकड्यांतून कॅलरी काढता येतात. चौघांची बेरीज करायची, त्यात राख, म्हणजे खनिजांचा भाग, मिळवायचा (कोरड्या खाद्यात ८ टक्के धरला तरी चालतो) आणि ती बेरीज शंभरातून वजा करायची. उरतात ती कर्बोदके. मग प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाच्या ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरून बेरीज करायची. माणसाच्या अन्नासाठी हेच आकडे ४ आणि ९ असतात. प्राण्यांच्या तयार खाद्याचे पचन थोडे कमी होते असे गृहीत धरून ते उतरवलेले आहेत.

समजा, वर सांगितलेल्या २० किलोच्या गावठी कुत्र्यासाठी दुकानात दोन पिशव्या समोर आहेत. (भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत, आपल्या दुकानातले घालून पाहावेत.) पहिली ३ किलोची, ७५० रुपयांना. तिच्यात प्रथिने २० टक्के, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १०. राखेसकट बेरीज ५३, म्हणून कर्बोदके ४७. शंभर ग्रॅममागे ऊर्जा सुमारे ३२० किलोकॅलरी. दुसरी पिशवी १० किलोची, २,८०० रुपयांना. प्रथिने २८, स्निग्धांश १८, तंतू ३, ओलावा १०. कर्बोदके उरतात ३३. ऊर्जा सुमारे ३६७ किलोकॅलरी.

पहिल्या खाद्यातून १,०६० किलोकॅलरी मिळवायला रोज ३३१ ग्रॅम लागतील. किलोला २५० रुपये या भावाने दिवसाचा खर्च ८३ रुपये, आणि पिशवी नवव्या दिवशी संपेल. दुसऱ्या खाद्याचे २८९ ग्रॅम पुरतील. किलोला २८० रुपये, म्हणजे दिवसाला ८१ रुपये, आणि पिशवी चौतीस दिवस चालेल. किलोचा भाव ३० रुपयांनी जास्त असलेले खाद्य दिवसाच्या खर्चात दोन रुपयांनी स्वस्त निघाले.

इथेच एक सावधगिरी हवी. ‘महाग आहे, पण कमी लागतं’ हे दुकानदाराचे पेटंट वाक्य आहे आणि ते एका मर्यादेपर्यंतच खरे असते. वरच्या दोन खाद्यांत प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा एवढा फरक असूनही ऊर्जेतला फरक जेमतेम १५ टक्के आहे. म्हणजे दुसऱ्याचा किलोचा भाव पहिल्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरच ते परवडते. तेच खाद्य ४५० रुपये किलो असते, तर २८९ ग्रॅमला १३० रुपये पडले असते. तेवढे देण्यामागे दुसरी कारणे असू शकतात, उदाहरणार्थ चांगल्या दर्जाची प्रथिने किंवा संवेदनशील पोट; पण ‘शेवटी तेवढ्यालाच पडतं’ हे कारण त्यात बसत नाही.

मांजराच्या बाबतीत किलोचा भाव याहून जास्त फसवतो, कारण तिथे कोरडे आणि ओले खाद्य शेजारी शेजारी मांडलेले असते. ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला सुमारे २४० किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅममागे ३३० किलोकॅलरी देणारे कोरडे खाद्य ४०० रुपये किलो असेल, तर रोजचे ७३ ग्रॅम आणि खर्च २९ रुपये. ८० ग्रॅमचा ओला पाऊच ४० रुपयांना, म्हणजे किलोला ५०० रुपये. फरक फार वाटत नाही. पण पाऊचमध्ये ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. शंभर ग्रॅममागे ६० किलोकॅलरी धरल्या, तर एका पाऊचमधून ४८ मिळतात आणि दिवसाला पाच पाऊच लागतात. खर्च २०० रुपये, कोरड्याच्या जवळजवळ सातपट. ते पाणी अगदीच वाया जात नाही. मांजरे मुळात पाणी कमी पितात आणि लघवीचा त्रास असलेल्या मांजराला पशुवैद्य ओले खाद्य मुद्दाम सुचवतात. घरोघरी तडजोड म्हणून कोरड्याबरोबर रोज एक पाऊच दिला जातो. मग त्या ४८ किलोकॅलरी कोरड्यातून वजा कराव्या लागतात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम दाणे कमी. हे वजा करायचे राहून जाते आणि मांजर गोल होते.

पाऊच घेताना त्यावर ‘संपूर्ण आहार’ या अर्थाचे शब्द आहेत का, तेही पाहावे. काही पाऊच आणि चाटायच्या नळ्या केवळ पूरक खाऊ असतात. त्यात सगळी पोषकद्रव्ये नसतात, म्हणून त्यांची तुलना मुख्य खाद्याशी करण्यात अर्थ नाही. पशुवैद्याने मूत्रपिंडासाठी किंवा मधुमेहासाठी लिहून दिलेले खाद्यही या तुलनेबाहेरच राहते.

पिशवीवरच रोज किती घालावे याचा तक्ता असतो, मग एवढी उठाठेव कशाला, असे वाटू शकते. अडचण अशी की प्रत्येक कंपनी आपला तक्ता आपल्या गृहीतकांवर करते. कोणी धावपळ करणारा कुत्रा धरतो, कोणी सुस्त. ज्याने प्रमाण कमी छापले, त्याची पिशवी कागदोपत्री जास्त दिवस पुरते. शिवाय पिलांच्या तक्त्यात कुठे आजचे वजन विचारलेले असते, तर कुठे मोठेपणी होणारे. दोन खाद्यांसाठी एकाच कुत्र्याची एकच कॅलरीची गरज धरली, की हा खोटेपणा निघून जातो.

कॅलरीचा आकडाही काटेकोर नसतो. लेबलवर प्रथिने आणि स्निग्धांश ‘कमीत कमी’ लिहिलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षातली ऊर्जा थोडी जास्त भरू शकते. उलट ज्या खाद्याचे पचन कमी होते, त्यात हे सूत्र ऊर्जा वाढवून दाखवते. अशा खाद्यावरचा कुत्रा जास्त वेळा आणि जास्त शी करतो, हे त्याचे दिसणारे लक्षण. त्यामुळे दोन खाद्यांच्या दिवसाच्या खर्चात चार-पाच रुपयांचा फरक आला, तर ती बरोबरी समजावी. प्राणी-प्राण्यांतही फरक असतो. दोन-तीन आठवडे एकच प्रमाण देऊन वजन करावे. वजन वाढत असेल किंवा बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या, तर दहाएक टक्के कमी करावे आणि खर्च नव्या प्रमाणावर पुन्हा काढावा.

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त असते, पण ती वेळेत संपली पाहिजे. पिशवी उघडली की दाण्यांवरच्या चरबीला हवा लागते आणि ती हळूहळू खवट होते. साधारण सहा आठवड्यांत पिशवी संपवावी, असा सल्ला दिला जातो. वरच्या मांजरासाठी ७ किलोची पिशवी घेतली, तर ती ९६ दिवस चालेल. कोकणातल्या पावसाळ्यात तिचा शेवटचा भाग मऊ पडलेला, वास येणारा निघतो, आणि मांजर तर नाक लावूनच मागे फिरते. टाकून दिलेले दोन किलो हिशेबात धरले, की उरलेल्या पाच किलोंवर सगळी किंमत बसते आणि दिवसाचा खर्च ४० टक्क्यांनी वाढतो. सुटे खाद्य घेतले, तर मूळ पिशवी कधी उघडली होती ते कळायला मार्ग नसतो.

हा सगळा हिशेब तोलून घालण्यावर उभा आहे. वाटीने किंवा मगाने माप घेतले, तर हात बदलला की माप बदलते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे काम नीट करतो. नवी पिशवी उघडताना तिच्यावर पेनाने तारीख लिहावी आणि संपली की किंमत भागिले दिवस असा प्रत्यक्ष खर्च काढावा. तो कागदावरच्या आकड्याच्या आसपास आला पाहिजे. नऊ दिवस पुरायची पिशवी सातव्या दिवशीच संपली, तर माप सैल आहे किंवा घरातले आणखी कोणी वाडगा भरते आहे. आणि ती बारा दिवस पुरली, तर कुत्र्याच्या पोटात आजीच्या हातची दूध-पोळी जाते आहे. तिच्याही कॅलरी १,०६० मधूनच वजा व्हायच्या असतात.