ब्रश दातावर फिरतो, पण काम असते हिरडीच्या कडेला

दाताचा उघडा, गुळगुळीत भाग जीभ, गाल आणि चावलेले अन्न यांच्या घर्षणाने बराचसा साफ होत राहतो. मळ टिकतो तो दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे. निरोगी हिरडीची कडसुद्धा दाताला पूर्ण चिकटलेली नसते. तिच्याखाली एक ते तीन मिलिमीटर खोल फट असते. या फटीच्या तोंडाशी जिवाणूंचा चिकट, पांढुरका थर बसतो. दंतवैद्य त्याला ‘प्लाक’ म्हणतात. ब्रशचा खरा उपयोग हा थर रोज मोडण्यासाठी आहे.

तो मोडला नाही तर काय होते, हे 1965 मध्ये डेन्मार्कमधील हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे थांबवायला सांगितले गेले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणूनच हिरडीतून रक्त येते म्हणून तिथे ब्रश लावणे टाळायचे, ही पद्धत उलटी आहे. त्या जागी हलक्या हाताने, पण नेमाने घासले पाहिजे. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबले नाही, तर आत कीटण असण्याची शक्यता असते. लाळेतील क्षार बसून दगडासारखा झालेला प्लाक म्हणजे कीटण. ते कोणत्याही ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

ताजा प्लाक मात्र नखानेही खरवडता येईल इतका मऊ असतो. त्यासाठी कडक ब्रश लागत नाही. ‘सॉफ्ट’ ब्रशचा तंतू साधारण 0.2 मिलिमीटर जाड असतो, ‘मीडियम’चा 0.3. फरक किरकोळ वाटतो, पण तंतूचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे लांबी तीच असेल तर मीडियम तंतू सुमारे पाचपट ताठ होतो. मऊ तंतू वाकून फटीत शिरतो. ताठ तंतू कडेवरच अडतो आणि हिरडीला रेटतो.

या रेट्याचा परिणाम बहुधा सुळ्यापाशी दिसतो. उजव्या हाताने घासणारे अनेक जण डावीकडून, हातात जोर असताना सुरुवात करतात, आणि वरचा डावा सुळा जबड्याच्या वळणावर पुढे आलेला असतो. आडव्या घासण्याने तिथली हिरडी वर सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कवच नसते. पेस्टमधील खरखरीत कण तिथे हळूहळू पाचरीच्या आकाराची खाच पाडतात आणि गार पाणी लागले की कळ येते. ब्रशवर राखुंडी किंवा मिश्री घेणाऱ्यांचे दात आणखी लवकर झिजतात. मिश्रीत तंबाखू असल्याने तिचा धोका झिजेपुरता राहत नाही.

कडेची सफाई कशी करावी, याची आजही शिकवली जाणारी रीत अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रश दाताला काटकोनात न धरता तंतूंची टोके हिरडीकडे 45 अंशांत तिरपी ठेवायची. एका वेळी दोन-तीन दात घेऊन, टोके जागेवरून न हलवता, ब्रशला दहा-पंधरा बारीक झटके द्यायचे. मग वरच्या दातांवर खाली आणि खालच्या दातांवर वर असा ब्रश झाडून पुढे सरकायचे. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. दाढांची चावण्याची बाजू तेवढी आडवी घासलेली चालते. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा धरला की जोर आपोआप कमी होतो. असे सगळे तोंड घासायला दोन मिनिटे लागतात, आणि हे दिवसातून दोनदा करायचे. दोन दातांमधल्या फटीत मात्र ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस किंवा फटीत घालायचा बारीक ब्रशच हवा.

इलेक्ट्रिक ब्रश हे बारीक झटके स्वतः देतो. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात असे आढळले, की तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशने प्लाक साध्या ब्रशपेक्षा 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी राहते. फायदा खरा आहे, पण साध्या ब्रशने नीट घासणाऱ्याने खर्च करावा इतका मोठा नाही. संधिवाताने बोटे वळत नसलेल्यांना, हात थरथरणाऱ्यांना किंवा दुसऱ्याचे दात घासून देणाऱ्यांना मात्र तो घेण्यासारखा आहे. तो वापरताना हात घासायचा नाही. गोल डोके एकेका दाताच्या कडेशी दोन-तीन सेकंद नुसते टेकवायचे. सवयीने वरून आडवे रगडणाऱ्याला महागडा ब्रशही वाचवत नाही. दाब वाढला की दिवा लावणारे किंवा वेग कमी करणारे ब्रश अशांसाठी बरे.

ब्रश तीन ते चार महिन्यांनी बदलावा. इलेक्ट्रिक ब्रशचे डोकेही तितकेच टिकते. तंतू फाकले की त्यांची टोके फटीत जात नाहीत, म्हणून ते आधीच फाकले तर मुदतीची वाट पाहू नये. महिन्याभरातच फाकत असतील, तर दोष बहुतेक वेळा हाताच्या जोराचा असतो. वापरानंतर ब्रश धुऊन उघड्यावर उभा ठेवावा. ओला ब्रश टोपण लावून ठेवला तर ओलाव्यात त्यावर जिवाणू वाढतात.